सोमवारच्या आत खुर्ची

ऑफिसात तिला सगळे ‘सॉरीबाई’ म्हणत. तिच्या तोंडावरसुद्धा. व्हीलचेअर बनवणाऱ्या त्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम तिचं, आणि बहुतेक उत्तरं माफीनंच सुरू व्हायची. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा तिला राग आला होता. आता रागवायलाही अंगात त्राण लागतं, म्हणून ती नुसतं ‘हं’ म्हणायची.

त्या गुरुवारी सकाळी एका शिक्षिकेचा ईमेल आला. अपघातानंतर बरेच महिने घरी काढून बाई सोमवारी शाळेत रुजू होणार होत्या. मापानं बनवलेली खुर्ची गेल्या आठवड्यातच मिळायची होती. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुमचं “दोन-तीन दिवसांत” मला आता पाठ झालंय. मी शाळेत कशावर बसून जाऊ, तेवढं सांगा.’

सॉरीबाईनं चष्मा काढून डोळे चोळले. ते ‘दोन-तीन दिवसांत’ तिच्याच हातून गेलं होतं. तयार मजकूर, नुसतं नाव बदलायचं.

मॅनेजर खांद्यावरून डोकावला. “नेहमीचं पाठवून टाका. काही अपरिहार्य कारणांमुळे, लवकरात लवकर, वगैरे.”

“तेच वाचून चिडल्यात त्या.”

“मग अजून नरम लिहा.”

तिनं नरम लिहिलं नाही. आधी कारखान्यात फोन लावला. स्टोअरकीपर म्हणाला, पुढची छोटी चाकं तपासणीत अडकत होती, अख्खा माल परत गेला.

“नवी कधी येतील? अंदाज नको, पुरवठादाराला विचारून सांग.”

त्यानं विचारून कळवलं, मंगळवारी. मग जोडणी, चाचणी. गुरुवारी गाडीत चढेल, शुक्रवारी दारात.

म्हणजे सोमवार हुकलाच. ती जडावलेल्या पायांनी खाली शोरूममध्ये गेली. तिथे दाखवण्यासाठी ठेवलेली एक खुर्ची होती. तिथल्या कारागिरानं ऑर्डरमधली मापं बघत तिला टेप लावून पाहिलं. “बैठक रुंद पडेल. दोन्ही बाजूंना गाद्या लावून भागेल. पण पाय ठेवायची पट्टी त्यांच्यासमोरच बसवायला लागेल.”

“शनिवारी जाशील?”

“तुम्ही मॅनेजरला पटवा, मी जातो.”

मॅनेजरच्या कपाळावर आठ्या पडल्या. “शोरूमची खुर्ची वापरायला द्यायची? ओरखडे पडले तर? आणि तारीख कशाला लिहिताय? चुकली तर आपल्याच गळ्यात येईल.”

“ती तशीही आपल्याच गळ्यात आहे, साहेब. आपण हो-नाही करत बसलो तर त्या बाई सोमवारी घरीच बसतील.” आवाज चढवायचीही तिला ताकद नव्हती. म्हणूनच की काय, तो नरमला. म्हणाला, “बरं, द्या. पण मला वाचून दाखवा.”

तिनं लिहिलं:

‘तुमची खुर्ची वेळेवर पोचली नाही, ही चूक आमची. पुढची चाकं तपासणीत सदोष निघाली आणि आम्ही तुम्हाला ते वेळीच कळवलं नाही, याबद्दल माफी मागते. नवी चाकं मंगळवारी येतील. तुमची खुर्ची शुक्रवारी, एकवीस तारखेला, घरपोच मिळेल. तोवर वापरायला दुसरी खुर्ची येत्या शनिवारी आमचा कारागीर घेऊन येईल आणि तुमच्या मापाला बसवून देईल. दोन्हींचा पोचवण्याचा खर्च आमचा. चाकं आली की मंगळवारी मी स्वतः फोन करीन. माझा नंबर खाली आहे.’

“‘चूक आमची’ एवढं तरी खोडा,” मॅनेजर म्हणाला.

“ते खोडलं तर माफी कशाची मागतोय आपण?”

त्यानं हात झटकला. तिनं ईमेल पाठवला.

दुपारी उत्तर आलं. ‘आभार मानणार नाही. शनिवारी दहानंतर या. दाराशी तीन पायऱ्या आहेत, कारागिराला सांगा.’

तिनं ते दोनदा वाचलं. चिडलेलं माणूस आपल्या दाराच्या पायऱ्या सांगतं, म्हणजे अजून आशा सोडलेली नाही. तिनं कारागिराला पायऱ्यांवर टाकण्यासाठी फळी न्यायला सांगितलं आणि पुढची तक्रार उघडली. घरी गेल्यावर लेक म्हणाली, “आई, दिवसभर लोकांशी बोलतेस, आणि आमच्या वाट्याला नुसतं हं हं.” त्यावरही तिच्या तोंडून ‘हं’च निघालं. मग दोघींनाही हसू फुटलं.

मंगळवारी चाकं आली; तिनं फोन केला. शुक्रवारी खुर्ची पोचली. संध्याकाळी शिक्षिकेचा फोन आला. आवाज अजून कोरडाच.

“उसनी खुर्ची कुणाच्या ताब्यात द्यायची?”

“कारागीर घ्यायला येईल. शाळेत कसं झालं?”

“पोरांनी विचारलं, नवी का? म्हटलं, नाही, मागून आणलेली. तर वर्गात जो तो ढकलायला पुढे. गाद्यांमुळे पाठ धरली नाही, हे मात्र कारागिराला सांगा.”

“सांगते.”

“आणि हो, उसन्या खुर्चीवर एक ओरखडा पडलाय, त्याला मुलं जबाबदार आहेत. माफी असावी.”

इतक्या वर्षांत सॉरीबाईची कुणी माफी मागितली नव्हती.

“असू द्या हो,” ती म्हणाली. “तेवढा ओरखडा चालतो.”

फोन ठेवून तिनं टेबलाखाली चपला काढल्या, सुजलेले पाय मोकळे केले. मॅनेजरला हे कसं सांगायचं, ते ती उद्या बघणार होती.