नवऱ्याच्या खात्यातला फोन

शिवणवाल्या ताईंनी माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात फोन पुढे सरकवला. "नवऱ्याचा ईमेल काढा. माझं काही जाऊ देऊ नका."

ताईंनी घर सोडून चार महिने झाले होते. फोन त्यानेच घेतलेला, स्वतःचं खातं टाकून. बायकोला वेगळं कशाला, म्हणे. त्यामुळे ताईंच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्या खात्यात.

मी ताईंचं नवं खातं उघडलं, नंबरांची फाइल त्यात उतरवली. त्याच्या खात्यात चढलेले फोटो फोनमध्ये उतरवले, ऑर्डरी घ्यायच्या ॲपमधला ईमेल बदलला आणि मगच जुनं खातं काढलं. ब्लाउजच्या मापांचे फोटोसुद्धा जागच्या जागी होते.

"काही गेलं नाही," मी ऐटीत म्हणालो.

"त्याच्याकडचं तरी गेलं ना?"

"नाही," मी कबूल केलं. खातं फक्त फोनवरून निघालं होतं. उतरवून झाल्यावर त्याच्या खात्यातलं पुसायचं हे मला गाढवाला सुचलंच नाही, आणि आता त्याचा पासवर्ड लागणार.

"घर सोडलं तेव्हाही असंच झालं," फोन पर्समध्ये टाकत ताई म्हणाल्या. "मी तेवढी बाहेर पडले. बाकी सगळं त्याच्याकडेच."