कमलाकांत मास्तरांचे एकोणीस अर्ज

धामणखेडचे कमलाकांत मास्तर ही हकीकत स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्यापेक्षा स्वतःच जास्त हसत. एकोणीसशे त्रेसष्ट सालची गोष्ट. गाव तेल्हारा-अकोला सडकेपासून तीन मैल आत, काळ्या मातीत. पावसाळ्याचे चार महिने चाक म्हणून आत येत नसे. उरलेले आठ महिने ओमप्रकाशची जीप होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीने मोडीत काढलेली, कापडी टपाची गाडी. बसायची जागा सहा-सात जणांची, पण ओमप्रकाश चौदा माणसं भरल्याशिवाय किल्लीला हात लावत नसे.

मास्तरांना या जीपचा मनस्वी तिटकारा. गावाला सरकारी बस हवी म्हणून त्यांनी चार वर्षांत अठरा अर्ज धाडले. अक्षर मोत्यासारखं, भाषा अशी की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. शेवटी त्या साली दिवाळीनंतर अकोल्याहून गाडी सुरू झाली, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. उतारू मिळाले तर पुढे चालू, नाहीतर बंद. पहिल्या दिवशी मास्तरांनी बसला हार घातला आणि अर्धा तास भाषण केलं. भाषण संपेपर्यंत गाडी तिथेच अडकून पडली आणि पहिल्याच दिवशी उशिरा सुटली, हे त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई आवर्जून सांगत.

बसची वेळ सकाळी साडेसातची. ती कधी साडेसातला येई, कधी नऊला, कधी येतच नसे. जीप मात्र पारापाशी उभी असे. ज्याला कोर्टात तारीख आहे, ज्याचं माणूस दवाखान्यात आहे, तो काय करणार? जीपमध्ये बसे. मास्तर चिडत. एकोणिसावा अर्ज त्यांनी याच रागात लिहिला. बस वेळेवर सोडावी आणि अकोल्याच्या नाक्यावर विनापरवाना जीपगाड्यांचा कडक बंदोबस्त करावा, अशी मागणी केली. उत्तरही लगेच आलं. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता वाहतूक अधिकाऱ्यांना समक्ष भेटावं.

त्या दिवशी मास्तर परीटघडीचं धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटात साडेसहालाच थांब्यावर हजर झाले. साडेसात झाले. आठ झाले. पारापाशी ओमप्रकाशची जीप भरत आली होती.

"मास्तरजी, एकच जागा बाकी हाय. आ जाव," ओमप्रकाश ओरडला.

"मी बसनेच जाणार," मास्तर म्हणाले.

जीपमधून दुर्गाबाई वाकून बघत होत्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी अकोल्याच्या दवाखान्यात होती. "मास्तर, कावून उभे राहून राहिले? थे गाडी काई आज येत नाई. मले पोरीपाशी जायचं हाय, चढा लवकर. तुमच्यापायी आमी सारे जन अटकून पडलो!"

घड्याळात सव्वाआठ. अठ्ठावीस मैलांचा रस्ता आणि अकराची भेट. मास्तरांनी एकदा सडकेकडे पाहिलं, एकदा शाळेच्या दिशेने पाहिलं, विद्यार्थी कोणी बघत नाही याची खात्री केली आणि जीपमध्ये चढले. जागा म्हणजे मागच्या फळीची कडा. अर्धे मास्तर आत, अर्धे बाहेर. आत बसलेल्या खुशालराव पाटलाने त्यांच्या कोटाची कॉलर मुठीत धरून ठेवली होती, नाहीतर मास्तर पूर्णा नदीच्या अलीकडेच उतरले असते.

अकोला दोन मैलांवर आलं तेव्हा ओमप्रकाशने जीप बाजूला घेतली. "नाक्यावर आज पोलीस हाय म्हनते. जादाचे आठ जन उतरा, पायी नाका पार करा, म्होरं मी उभा राह्यतो. बाकीच्यायले कोनी पुसलं त सांगा, आमी सारे एकाच घरचे, लग्नाले चाललो."

"मी खोटं बोलणार नाही," मास्तर म्हणाले.

"मंग उतरा अन् चाला. अकरा वाजतीन."

मास्तर उतरले नाहीत. दुसरेच आठ जण उतरून चालू लागले.

नाक्यावर खरंच पोलीस उभा होता, आणि त्याच्याशेजारी चष्मा लावलेले, हातात वही घेतलेले एक खाकी कपड्यातले साहेब. पोलिसाने आत डोकावून विचारलं, "कुठे निघाली वरात?"

"लग्नाले," सगळे एका सुरात म्हणाले.

"नवरदेव कोण?"

कोटटोपीतला माणूस एकच होता, म्हणून साहेबांची नजर मास्तरांवर थांबली. "आपण कोण नवरदेवाचे?"

चौथीच्या वर्गाला 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य तेरा वर्षं गिरवायला लावणाऱ्या मास्तरांच्या तोंडून शब्द निघाला, "मामा."

"आणि नवरदेवाचं नाव?"

मास्तरांना एकही नाव आठवेना. सगळा हजेरीपट पाठ असलेल्या माणसाला! मागून दुर्गाबाईच वैतागून म्हणाल्या, "कशाचा नवरदेव अन् कशाचं लगन, साहेब! माही लेक बाळंत होऊन राहिली. आमाले जाऊ द्या, मंग या गाडीवाल्याले काय करायचं थे करा."

साहेब हसले. पोलिसाने ओमप्रकाशवर खटला लिहिला, साहेबांनी उतारूंची नावं वहीत उतरवली आणि माणसांना सोडलं. नाव सांगताना मास्तरांचा आवाज इतका बारीक निघाला की ते दोनदा सांगावं लागलं.

तिथून मास्तर धावतपळत कचेरीत पोहोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. शिपायाने बसायला सांगितलं. साडेअकराला साहेब आले. तेच. चष्मा तोच, वही तीच.

"या, मामा," साहेब म्हणाले.

मास्तर सांगत, त्या क्षणी टेबलाखाली जागा असती तर मी शिरलो असतो. साहेबांनी टेबलावर एकोणिसावा अर्ज ठेवला, शेजारी वही उघडी केली. "नाक्यावर बंदोबस्त करा, असं आपणच लिहिलं होतं. आज केला. बसने का नाही आलात?"

"बस आली नाही, साहेब."

साहेबांनी डेपोत फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि खाली ठेवला. "आली होती. नऊला. वाटेत टायर गेलं होतं. धामणखेडला एकही उतारू नव्हता. सगळे जीपमध्ये होते. तुम्ही धरून. महिन्यातून वीस दिवस हेच लिहून येतं, उतारू शून्य. मी वर काय सांगू?"

मास्तरांना राग यायला हवा होता, पण आली ती लाज. ते उभे राहिले आणि पहिल्यांदाच अर्जाच्या भाषेत न बोलता साधं बोलले. "साहेब, अकोल्याहून निघालेली गाडी आमच्याकडे कधी पोचेल ते कुणी सांगू शकत नाही. माणसाला तारीख असते, बाळंतीण असते. तो थांबत नाही. मीही नाही थांबलो. गाडी रात्री गावातच राहिली तर सकाळी ती तरी आमच्या डोळ्यांसमोर असेल."

साहेबांनी पेन्सिल कानाला लावली. "मुक्कामी गाडी? ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठे?"

"शाळेत. पाणी मी देतो. जेवण आमच्याकडे." चारुशीलाबाईंना विचारायचं राहिलं, हे मास्तरांच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर. बाईंनी त्यांचा पुरेपूर समाचार घेतला, आणि भाकरी दोन माणसांच्या वाढवल्या.

पौषात मुक्कामी गाडी सुरू झाली. संध्याकाळी येऊन शाळेपुढे उभी राहायची, पहाटे सहाला सुटायची. दुर्गाबाईंना नातू झाला होता. त्याला बघायला निघालेली अर्धी आळी पहिल्याच दिवशी गाडीत चढली. ओमप्रकाशने दंड भरला, मास्तरांशी आठ दिवस बोलला नाही, आणि मग जीप तेल्हाऱ्याच्या बाजाराला लावली.

त्या पहिल्या पहाटे मास्तरांनाही अकोल्याला जायचं होतं. पण शाळा घराला लागूनच, गाडी दारातच आहे म्हणून ते निवांत उठले, निवांत आंघोळीला बसले. अंगाला साबण लावलेला असताना हॉर्न वाजला. पंचा गुंडाळून ते "थांबा, थांबा!" करत अंगणात आले, तेव्हा गाडी वळणावर होती आणि खिडकीत बसलेल्या चारुशीलाबाई त्यांना हात हलवत होत्या. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी सांगितलं, की गाडीत बसायला गादी आहे, खिडकीला काच आहे आणि अकोल्याला ती वेळेच्या चार मिनिटं आधी पोचली. मास्तरांनी मुकाट्याने त्यांना चहा करून दिला.