हत्तीचं कुलूप आणि कॉम्प्युटर

देवळाली प्रवरात आमचं हार्डवेअरचं दुकान. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, म्हणून दुकानात सासरे आणि मी. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा, मीही मामाच म्हणायची. विक्री मामांची आणि लिहिणं माझं, अशी वाटणी होती. ऐकायला सोपी वाटते, पण होती महाबेकार.

एक बिल म्हणजे एकदा लिहिणं नव्हे. कार्बन घालून गिऱ्हाइकाला बिल द्यायचं, दुकान बंद झालं की तेच विक्रीच्या रजिस्टरात उतरवायचं, मग त्यातला माल स्टॉकच्या वहीतून वजा करायचा. महिनाअखेरीला विक्रीकरासाठी कोणत्या दराचा माल किती गेला ते पुन्हा वेगळं काढायचं. शटर अर्धं ओढून मी आत लिहीत बसायची आणि घरी माझी मुलगी जेवून झोपून जायची. सकाळी ती शाळेला, मी दुकानाला. तिची माझी गाठ पडायची ती वेणी घालण्यापुरती. याचा मला संताप यायचा, आणि तो मी बिचाऱ्या कार्बनपेपरवर काढायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नगरहून एक जण दुकानदारांसाठी बिलं काढायचं सॉफ्टवेअर घेऊन आला. मी मामांच्या इतकी मागे लागले की त्यांनी कॉम्प्युटर आठवडाभर ठेवून घेतला, पण अटीवर. "असोशिएशनच्या मीटिंगमदी समद्यांम्होरं दाखीव. चार लोकांनी मान डोलावली तर राहील. हसू झालं तर पेटी माघारी. आपल्याला लोकांत ऱ्हायचं हाय."

व्यापारी असोसिएशनच्या सभासद यादीत मामांनी आपल्या जागी माझं नाव घातलं होतं, ते मीटिंगचा चहा त्यांना पचत नसे म्हणून. आतापर्यंत मी मागे बसून हजेरी लावत होते. आता एकदम भाषण! कॉम्प्युटर हलवायची सोय नव्हती, म्हणून बाजार बंदच्या दिवशी सगळी मंडळी आमच्याच दुकानात जमली. कुणी सिमेंटच्या गोण्यांवर बसलं, कुणी पाइपांच्या बंडलावर. अध्यक्षांना खुर्ची दिली. मामा दाराशी उभे राहिले, अगदी पाहुण्यासारखे.

मी विचारलं, "एक बिल आपण किती वेळा लिहितो?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मी सांगितलं, की माल, त्याचा भाव आणि कराचा दर यात एकदाच भरायचा. मग बिल करताना फक्त वस्तू आणि नग टाकायचे. गुणाकार, कर, बेरीज तो करतो, प्रिंटर बिल छापतो, स्टॉकमधून माल आपोआप कमी होतो. रोजची विक्री एका कागदावर निघते, कराची महिन्याची बेरीजसुद्धा. "आणि खोटं कशाला बोलू? भाव चुकीचा भरला तर प्रत्येक बिलात तोच चुकीचा भाव येणार. रोज फ्लॉपीवर नक्कल काढून ठेवायची, आळस केला तर भोगायचं."

"आन लाईट गेली तर काय, कंदील लावायचा का त्याला?" शेजारच्या कापडवाल्या भाऊंनी विचारलं. सगळे हसले.

"तेवढ्यापुरतं हाताचं बिलबुक राहू द्यायचं, नंबर वेगळे ठेवून. लाईट आली की ती बिलं यात भरायची."

उत्तर बरोबर बसलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि मी नको ते बोलून गेले. "मागा कुणीही काहीही! आत्ता बिल काढून देते."

"वहिनी, हत्तीचं कुलूप द्या. मोठं." भाऊ म्हणाले.

मी टाइप केलं. पडद्यावर आलं की असा माल नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अध्यक्ष म्हणाले, "मोराचा पांढरा रंग बघा बरं." तोही नाही. आणि भाऊंच्या डोक्यावर फळीवर हत्तीच्या कुलपांची रांग लागलेली! मग जो हशा पिकला, तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. मामांनी मान खाली घातली. आता संपलं, पुन्हा शटर अर्धं ओढून लिहीत बसायचं, असं वाटलं आणि खरंच रडू यायला लागलं.

घोळ कुठे झाला ते तेव्हा लक्षात आलं. नगरच्या माणसाने मालाची यादी भरली होती ती कंपन्यांच्या बिलांवरून, इंग्रजी नावांनी. आमच्या बाजारात ती नावं घेतो कोण? गिऱ्हाईक डब्यावरचं चित्र बघून माल मागतं, आम्हीही चित्राच्याच नावाने देतो. इतकी वर्षं मीही बिलावर बेधडक 'हत्ती कुलूप' लिहीत होते. त्या कंपनीचं खरं नाव काय, हे तिथे बसलेल्या एकालाही सांगता आलं नसतं.

रडू आवरलं ते रागाने. "हसता काय?" मी म्हटलं. "नवी सून घरात आल्यावर तिला डबे दाखवता की नाही? कुठल्या डब्यात काय आहे ते सांगितलंच नाही, तर ती मीठ कुठून देणार? याला आपली नावं कुणी सांगितली नाहीत, त्यात याचा काय दोष?"

मी फळीवरचं कुलूप काढलं, त्याच्या खोक्यावरचं इंग्रजी नाव वाचलं, यादीत ते शोधलं आणि त्याच्यापुढे कोडच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'हत्ती' लिहिलं. मग नवीन बिल उघडून नुसतं तेवढंच टाइप केलं. कुलूप भावासकट पडद्यावर हजर! प्रिंटर करकरत सुरू झाला. बिलावर मात्र कंपनीचंच नाव छापून आलं.

"म्हंजे आपन कायबी नाव ठिवलं तरी चालतंय?" भाऊ गोणीवरून उठलेच.

"आपलं नाव आपल्यासाठी. बिलावर कंपनीचं."

मग काय विचारता! भाषण राहिलं बाजूला. जो तो आपल्या दुकानातली नावं सांगायला लागला. किराणावाल्या काकांना कमळाचा साबण घालायचा होता, भाऊंना राजाराणीची चादर. एकाच चित्राच्या दोन कंपन्या निघाल्या, तेव्हा कोड वेगळा कसा करायचा यावर भांडणही झालं. लोकांना कॉम्प्युटर पटला की स्वतःची नावं त्यात घालायची हौस वाटली, हे मला आजही सांगता येणार नाही. पण नगरच्या माणसाचा पत्ता लिहून घेतल्याशिवाय फार थोडे गेले.

दुकान रिकामं झालं. मामा पडद्याजवळ आले, वाकून बघत राहिले.

"मोराला काय लिवलंस?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही."

"मंग सरक. म्या लिवतो."

ते जे खुर्चीत बसले, ते बसलेच. दुसऱ्या दिवशी एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी बिलं काढली. चुकलं की कॉम्प्युटरला शिव्या द्यायचे, पण मला हात लावू देईनात. संध्याकाळी त्यांनीच दिवसाच्या विक्रीचा कागद काढला आणि फ्लॉपी खिशात घातली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हितं काय करती? जा की घरी."

मी घरी निघाले तेव्हा अजून ऊन होतं. दार मुलीने उघडलं. मला बघून तिचा चेहरा उतरला. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "आई, तुला बरं नाही का?"