दीपंकरचा दुसरा नंबर

पारमिताच्या पोटात दुसऱ्याचं गुपित राहतं, स्वतःचं राहत नाही. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये ती बारा वर्षं रक्त तपासते. कुणाला काय निघालं हे तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. पण स्वतःचं काही झालं, की चेहराच चहाडी करतो.

निपाणीत तिची आई जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबली आणि लेकीला शिकवून मगच गेली. नवरा यशपाल चार वर्षांपूर्वी किडनीच्या दुखण्यानं गेला. तेव्हा ती छत्तीसची होती. आता ती आठवडाभर बेळगावात भाड्याच्या खोलीत राहते आणि दर रविवारी सकाळच्या एस्टीनं निपाणीला सासूकडे जाते. सासू तानीबाई तिला लेकीसारखी वागवते, पण "आमच्या यशपालची" हे शब्द लावल्याशिवाय तिची कुणाशी ओळख करून देत नाही. दुसरं लग्न कर असं ती कधी म्हणाली नाही, करू नको असंही म्हणाली नाही. न बोललेल्या गोष्टीबद्दल विचारायचं तरी काय? पारमितानं विचारलंच नाही.

लॅबमधल्या सोनमनं तिला डेटिंग ॲप घेऊन दिलं. सोनमचं स्वतःचं लग्न तिथंच जमलं होतं, त्यामुळं तिला त्या ॲपचा भलताच अभिमान.

"आणि कुणी बघितलं म्हणजे गं?" पारमितानं विचारलं. "सासूकडचं कुणी? दवाखान्यातलं?"

"त्यालाच सोय हाय की, आक्का." सोनमनं सेटिंग उघडून दाखवलं. "हितं संपर्क लपवायचं बटण हाय. तुझ्या फोनातली नंबरांची यादी ॲपला द्यायची. त्यातला जो नंबर कुणी ॲपवर खातं उघडताना दिला असंल, त्यो माणूस तुला दिसत न्हाय आणि तू त्याला दिसत न्हाईस. त्याला कळवत बी न्हाईत."

"आणि फोनात नंबरच नसला तर?"

"मग कसा लपवायचा? ॲपला काय सपान पडतंय?"

म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांना आधी फोनात घर द्यायचं! पारमितानं दुपारच्या डब्याच्या वेळी दवाखान्याच्या ग्रुपमधले तेवीस नंबर एकेक करून सेव्ह केले. त्यात वॉर्डबॉय शामू होता, रोज चिडचिड करणारे हिशेबनीस आण्णाप्पा होते, कधी तोंड बघायची इच्छा नसलेले दोन डॉक्टर होते. सासरचे तर होतेच: मामेसासरे, नणंद, दीर दीपंकर. मग तिनं बटण दाबलं आणि स्वतःचा एक फोटो टाकला. सोनमच्या साखरपुड्यातला होता, तोंड भरून हसलेला. महिन्याभरात गडहिंग्लजच्या एका शिक्षकाशी बोलणंही सुरू झालं. माणूस सरळ वाटला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचं थोडं वाईटही वाटलं.

आता तिची चूक काय झाली ती सांगतो, आणि ती आमच्याच भागातल्या माणसाकडून होण्यासारखी. कोगनोळीच्या नाक्याअलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात इथल्या माणसांनी दोन सिमं घेतली, एक अलीकडचं, एक पलीकडचं. रोमिंग केव्हाच गेलं, पण सवय मेली नाही. घरच्यांसाठी एक नंबर, कामासाठी दुसरा. दीपंकर नाक्यापलीकडं कागलच्या एमआयडीसीत कारखान्यात जातो. घरच्या सगळ्यांच्या फोनात त्याचा निपाणीचा नंबर. कागलचा नंबर घरात कुणी मागितला नाही आणि त्यानंही दिला नाही.

एका रविवारी निपाणीत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पारमिता ओट्याला टेकून ॲप चाळत होती. एक फोटो सरकवला, दुसरा सरकवला आणि तिसऱ्याला हात थांबला. दीपंकर! कणकुंबीच्या सहलीतला फोटो. तो तिनंच काढला होता. शेजारचा यशपाल कापून टाकलेला, पण दीपंकरच्या खांद्यावर यशपालचा हात तसाच राहिला होता. खाली अंतर लिहिलं होतं, एक किलोमीटरपेक्षा कमी. खरं तर बारा पावलं. तो पुढच्या सोप्यात आईला डोळ्याचे थेंब घालत होता.

तिनं फोटो घाईनं बाजूला सरकवला. त्यानं काय होणार? तिच्यापुरता तो गेला, पण तो आपल्याला दिसतो म्हणजे आपणही त्याला दिसणार. जेवताना तिनं मान वर केली नाही. दीपंकरनंही केली नाही. एरवी तो दोनदा रस्सा मागतो, त्या दिवशी एकदाच घेतला. त्यानं बघितलंय, हे तिला तेवढ्यावरूनच कळलं.

सोमवारी सोनमनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "त्यानं दुसऱ्या नंबरावरनं खातं काढलंय. ॲप माणूस वळखत न्हाय, आक्का, नंबर वळखतंय. आणि त्यानं स्वतः हे बटण दाबलं असतं तरी तू त्याला दिसली नसतीस, तुझा नंबर हाय की त्याच्याकडं."

पण त्यानं कशाला दाबावं? बाप्या माणसाला कुणापासून लपायचं असतं?

आठवडाभर पारमिताच्या डोक्यात एकच घोळत होतं. दीपंकरनं आईला सांगितलं तर? तानीबाई ओरडणार नाही, हेच भ्यायचं कारण. ती नुसती गप्प होईल, आणि मग रविवारची एस्टी धरायला काही कारण उरणार नाही. यशपालनंतर ह्या जगात तिचं म्हणून एवढं एकच दार उरलं होतं. शिक्षक राहिला, नाही राहिला, ती जगली असती. सासूशिवाय मात्र तिला अवघड गेलं असतं. शनिवारी दुपारी तिनं खातं कायमचं बंद करण्याचं पान उघडलं. नक्की का, असं ॲपनं विचारलं. तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"जय भीम, वैनी. दीपंकर बोलतोय."

"जय भीम, भावजी." "हा कुठला नंबर?"

"कागलचा. सेव्ह करून घ्या."

"कशाला?"

"तुम्हाला ठावं हाय कशाला. सेव्ह करा आणि ती यादी परत एकदा अपडेट करा. नुसता सेव्ह करून चालत न्हाय म्हणं, मी विचारून घेतलं. मग मी तुम्हाला दिसणार न्हाय, आणि तुम्ही मला."

तिनं विचारलं, "आईंना?"

"आईला मी काय सांगितलेलं न्हाय. सांगायचं असंल तर तुमचं तुम्ही सांगा, तुमच्या सवडीनं. आणि मी आईचा ल्योक हाय, तवा सांगतो. ती काय म्हणंल ती म्हणंल, रविवारचं ताट तुमचं हाय."

"भावजी, मी ते बंदच करत होते बघा आत्ता."

"आसं करू नका." दीपंकरचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा फोटो बघितला मी, वैनी. दादा गेल्यापासनं तुम्हाला आसं हसताना बघितलं नव्हतं. आमच्या घरात तर न्हाईच. तेवढा फोटो काढून टाकू नका."

फोन ठेवल्यावर पारमिता लॅबच्या स्टुलावर बसून रडली, सोनमदेखत, तोंड न झाकता. मग तिनं डोळे पुसले, खातं बंद करायचं पान मिटवलं, दीपंकरच्या नावाखाली कागलचा नंबर भरला आणि यादी परत अपडेट केली.