हिंगाची डबी

झुंबरबाई रोज सकाळी उठल्यावर आधी हिंगाची डबी उघडायची आणि नाकाला लावायची. देवाला हात जोडणं त्यानंतर. कोरोनात गेलेला वास आज ना उद्या परत येईल, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो काही आला नाही. डॉक्टरसुद्धा दुसरीकडे बदलून गेले. तरी डबी उघडायची सवय सुटली नव्हती.

धुळ्यात देवपूरला वीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक केलेली बाई ती. मसाला किती भाजायचा, फोडणीत लसूण कधी टाकायचा, सगळं नाकावर. कालवणात पळी बुडवून चाखायची तिला गरजच पडली नव्हती, आणि देवपूरच्या सोवळ्या मालकिणींना तिचं तेच फार आवडायचं. नाक गेलं तशी ती डोळ्यांनी आणि कानांनी रांधायला शिकली. लसणाचा रंग बघायची, मोहरीचा आवाज ऐकायची. निभत होतं. पण एका घरी डाळ खाली लागली, दुसऱ्या घरी फाटलेल्या दुधाचा चहा पाहुण्यांपुढे गेला आणि दोन्ही घरं सुटली. लोक म्हणाले, बाईचं कामात लक्ष नाही. तिनं ते मुकाट ऐकून घेतलं. लक्ष नसलेल्या बाईला निदान दुसरं घर मिळतं. वास न येणाऱ्या स्वयंपाकिणीला कोण उभं करणार?

आता एकही घर उरलं नव्हतं. खोलीचं भाडं थकलं तर शिरपूरकडे भिकनच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या घरी जाऊन राहायचं, एवढंच शिल्लक होतं. भाऊ वाईट नव्हता. पण भावजयीच्या चुलीपुढे आयतं बसून भाकरी मागायची, हे तिला नको होतं.

शेजारची सविता धुणीभांडी करायची. तिच्या मोबाईलवर कॉलनीचे सगळे निरोप यायचे. एक दिवस ती ओट्यावर येऊन मोठ्यानं वाचायला लागली. ‘स्वयंपाकासाठी बाई पाहिजे. घरात चार माणसं. सकाळी साडेसात ते साडेनऊ, दोन डबे आणि जेवण. संध्याकाळी साडेसहा ते आठ. शाकाहारी, खान्देशी पद्धतीचं, तेल-तिखट बेतानं. सासऱ्यांना रोज ज्वारीची भाकरी लागेल. पगार पाच हजार, रविवारी संध्याकाळी सुट्टी. तीन दिवस ट्रायल. पसंत पडल्यास ते दिवस पगारात धरू.’

“अक्का, हाई तुन्हंच काम शे,” सविता म्हणाली. “मी त्यास्नाकडे भांडी घासस. तुन्हं नाव सांगी दिधं.”

घर हेमलताताईंचं. त्या पतसंस्थेत नोकरीला, नवरा अभिमन नरडाण्याच्या कारखान्यात, मुलगी तिसरीत आणि सासरे कौतिकनाना. ताई तोंडानं फटकळ, पण मनानं स्वच्छ वाटल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “मावशी, एकच नियम. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही.”

“माहीत आहे ताई. मी चाखतच नाही,” झुंबरबाई म्हणाली. एके काळी हे ती मान ताठ करून सांगायची. आज सांगताना तिनं पाठ फिरवून डाळीचा डबा उघडला. मीठ जास्त झालं तर जिभेला निदान कळलं असतं. तीही वाट बंद.

पहिल्या दिवशी तिनं मेथीची भाजी आणि पोळ्या केल्या. डबे रिकामे परत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळण्याची, म्हणजे उडीद घालून दळलेल्या ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी. कौतिकनानांनी दुसरी भाकरी मागून घेतली. हेमलताताई सासऱ्यांकडे बघतच राहिल्या. “नाना किती महिन्यांनी धड जेवले,” त्या म्हणाल्या. झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं कांद्यावर ढकललं. त्या रात्री ती घरी आली ती भिकनकडे जाण्याची धास्ती विसरूनच.

तिसरा दिवस, संध्याकाळ. हेमलताताई अजून आलेल्या नव्हत्या. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाढे लिहीत बसली होती. मंद आचेवर डाळ शिजत ठेवून झुंबरबाई खाली बसून कणीक मळत होती. पाठ ओट्याकडे. डाळ उतू गेली, फेस ज्योतीवर सांडला आणि ज्योत विझली. गॅसचं बटण मात्र चालूच. कणीक मळून, झाकून ती उठली तेव्हा शेगडीवर फेस दिसला. आत्ताच विझलेली दिसते, असं म्हणत तिनं फडक्यानं शेगडी पुसली आणि लायटर उचलला.

“लाऊ नको!”

कौतिकनाना काठी न घेताच धावत आले होते. त्यांनी तिचा हात धरला, वाकून सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं, मागचं दार सताड उघडलं. दिव्याच्या बटणाकडे जाणाऱ्या नातीला त्यांनी दंडाला धरून अंगणात नेलं.

“नाना, मघापासून किती घाण वास येतोय,” पोरगी नाक चिमटीत धरून म्हणाली.

मघापासून! झुंबरबाई लायटर धरून तशीच उभी राहिली. पोर तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

नाना परत आले. दम लागला होता. त्यांनी तिच्या हातातल्या लायटरकडे पाहिलं.

“तुले वास येत नही ना?”

तिनं लायटर ओट्यावर ठेवला. मग नुसती होकाराची मान हलवली.

“मी कोनले सांगाव नही,” नाना हळूच म्हणाले. “तुन्हा हातनी भाकर माले गोड लागनी. पन घरमा पोर शे. तूच ठरव.”

त्यांनी तिला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दार उघडं ठेवून बऱ्याच वेळानं शेगडी पुन्हा पेटवली, डाळीला फोडणी दिली, पोळ्या लाटल्या. हेमलताताई आल्या, नैवेद्य झाला, जेवणं झाली. अभिमनभाऊंनीसुद्धा डाळ दोनदा घेतली.

“मावशी, पसंत!” हेमलताताई हात पुसत म्हणाल्या. “उद्यापासून कायमचं या. लागलं तर दोन-तीनशे वाढवू.”

झुंबरबाईनं नानांकडे पाहिलं. नाना ताटाकडे बघत होते. पोरगी तिच्या पदराशी खेळत होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

“नाही जमणार ताई.”

“का? काय कमी पडलं?”

खरं सांगितलं असतं तर सकाळपर्यंत कॉलनीभर झालं असतं. तिनं पिशवी उचलली आणि चपला घातल्या. हेमलताताईंचा आवाज चढला. “मग तीन दिवस आम्हाला कशाला अडकवलंत? दुसरीकडे जास्त मिळतंय, असंच ना?” नाना काही बोलायला गेले आणि दिलेला शब्द आठवून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता ओट्यावर आली. तिच्या मोबाईलवर जाहिरात तीच होती, खाली एक ओळ वाढली होती. ‘झुंबरबाई नावाच्या बाईला कोणी बोलावू नये. ट्रायल करून पगारासाठी अडून बसते.’

“अक्का, काय व्हयनं?” सवितानं मोबाईल पुढे केला. “मी तुन्हं नाव सांगेल व्हतं. उद्या त्या माले बी काढतीन. खरंच पैसासाठे ‘नही’ म्हनी का तू?”

झुंबरबाई हातातल्या हिंगाच्या डबीचं झाकण लावत होती. सविता त्याच घरात भांडी घासायची, अजून चार घरी जायची. तिच्या पोटात काही राहत नाही, हे झुंबरबाईला ठाऊक होतं.

“हा,” ती म्हणाली. “पगार कमी व्हता.”

सवितानं मोबाईल कमरेला खोचला. आणि ती कामाला निघून गेली. झुंबरबाईनं डबी फळीवर ठेवली आणि भिकनला फोन लावला.