नावावर अंगठा

कुठलाही कागद हातात आला की ते आधी त्यातलं नाव शोधत. त्या नावावर उजव्या हाताचा अंगठा दाबून ठेवत, आणि मग उरलेला मजकूर सावकाश वाचत. वाचून झाला की चष्म्यावरून बघत इंदुरी थाटात विचारत, "भिया, हे कोणाबद्दल आहे?"

आपण नाव सांगावं, तर ते म्हणत, "नाव तर अंगठ्याखाली आहे. मजकुरात कुठे आहे?"

मध्यभारत सरकारच्या सचिवालयात ते आमचे हेडक्लार्क होते. नोकरीची सुरुवात होळकरांच्या दरबारी कचेरीत झालेली. काळी टोपी, गळाबंद कोट, आणि कोटाच्या खिशात शेवेची पुडी, कारण शेव न घालता ते फक्त चहा पीत असत. सगळ्या खात्यात त्यांच्याइतकं लिहिता-वाचता येणारा माणूस दुसरा नव्हता, म्हणून आम्ही वात्रट कारकुनांनी त्यांचं नाव 'अंगठेबहाद्दर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव चांगलं आहे, दुसऱ्या कोणाला लागू नाही," एवढंच ते म्हणाले होते.

एकदा खात्यातले एक गृहस्थ वारले. शोकप्रस्ताव लिहायचं काम एका तरुण कारकुनावर आलं. त्यानं फायलीतून जुना ठराव काढला आणि नाव बदलून आणून दिला. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सेवाभावी.' हेडक्लार्कांनी अंगठा ठेवून वाचला आणि म्हणाले, "ऐसा है भिया, हे तर मला पण चालेल. आणि मी अजून जिवंत आहे." तो गोरामोरा झाला. मग त्याला समोर बसवून त्यांनी विचारत विचारत एकच गोष्ट बाहेर काढली: ते गृहस्थ नव्या माणसाला पहिल्या दिवशी आपल्या डब्यातलं जेवायला लावत. ठरावात तेवढं एक वाक्य गेलं. ठराव वाचला तेव्हा आमच्यातले निम्मे लोक खिडकीबाहेर बघत होते, कारण त्या डब्यातलं आम्ही सगळेच जेवलेलो होतो.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या कागदाबद्दल.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, कापड मिलमध्ये टाइमकीपर होते. मिलचा भोंगा झाला की फाटकाशी मस्टर घेऊन उभे. दोन मिनिटं उशीर झाला तरी नावापुढे लाल शाईनं 'लेट'. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. बोलणं बेताचं. त्यांनी आपल्या शब्दावर मला मिलच्या ऑफिसात चिकटवायचं ठरवलं होतं, वरच्या साहेबाकडे तसं बोलूनही आले होते, आणि मी त्यांना न विचारता सचिवालयात अर्ज करून नोकरी धरली. तेव्हापासून दोन वर्षं नाना माझ्याशी एकच शब्द बोलत होते: "बरं." पगार झाला, बरं. सून माहेरी चालली, बरं. बाकी जे काही असेल ते आईच्या मार्फत. एकाच घरात राहून माणूस इतका लांब असू शकतो, हे मी तेव्हा शिकलो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी नानांची एकसष्टी आली. आई म्हणाली, "तू लिहिण्याच्या नोकरीत गेलास ना? मग चार शब्द लिहून वाच त्यांच्यासमोर." एकसष्टीनंतर आठ दिवसांनी आमचं खातं ग्वाल्हेरला जायचं होतं. मध्यभारताच्या राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर; फायलींच्या पेट्या आणि कारकून दरवर्षी इकडून तिकडे. म्हणजे बोलणं सुरू व्हायचं तर आत्ता, नाहीतर सहा महिने गेलेच. नाना साठीचे झालेले. सहा महिन्यांची मला भीती वाटत होती.

राजवाड्यासमोरच्या फुटपाथवर पत्रं कशी लिहावीत याचं एक पुस्तक मिळालं. त्यातला 'वडिलांस वाढदिवसानिमित्त' हा नमुना मी सुवाच्य अक्षरात उतरवला आणि शुद्धलेखन बघा म्हणून हेडक्लार्कांपुढे ठेवला.

अंगठा 'तीर्थरूप नाना' वर गेला. ते मोठ्यानं वाचू लागले. "आपले जीवन म्हणजे अखंड तेवणारा नंदादीप. आपल्या मधुर वाणीने आपण आम्हांस सदैव..." ते थांबले. "नानांची वाणी मधुर आहे?"

"ते 'बरं' म्हणतात," मी म्हणालो.

"बस?"

"बस."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते शेवेच्या घासाबरोबर गिळलं. "आणि घरी त्यांना 'आपण' म्हणतोस?"

"नाही. तुम्ही म्हणतो."

"मग कागदावर हे दुसरे नाना कुठून आणलेस? तीर्थरूप राहू दे, तो नमस्कार आहे. बाकी काढ." आणि त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं अख्ख्या पानावर एक तिरकी रेघ ओढली. "गुण नको लिहू भिया. कष्टाळू, प्रेमळ, सगळेच बाप असतात. एक दिवस लिही. कुठला दिवस, कुठला रस्ता, हातात काय होतं."

मी दोन दिवस आठवत बसलो. मग दुसरा कागद केला. त्यात मॅट्रिकच्या परीक्षेची गोष्ट होती. आदल्या दिवशी नानांनी मला परीक्षेच्या शाळेपर्यंत चालवत नेलं होतं, फक्त वेळ मोजायला. बावीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी निघालो पाऊण तास आधी, कारण "रस्त्यात म्हैस आडवी येते." शाळेच्या दारात त्यांनी आपलं खिशातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि घंटा होईपर्यंत उभे राहिले. इथवर ठीक होतं. पण लिहिता लिहिता माझा हात सुटला. त्या घड्याळानं मला वेळेची किंमत शिकवली, म्हणूनच मी योग्य वेळी योग्य नोकरी निवडली, मी कोणाचा अवमान केला नाही, मला समजून घेतलं गेलं नाही, असं पानभर झालं.

या वेळी त्यांनी अंगठा नावावर ठेवलाच नाही. पेन्सिल घेऊन ते प्रत्येक 'मी'भोवती गोल करत गेले. पान गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

"वाढदिवस कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

मी गोल मोजू लागलो.

"भांडण मिटवायचं तर मिटव. पण बाजूला बसून, तोंडानं. वाढदिवसाच्या कागदात वकिली नको. ज्याचा दिवस आहे त्याला उत्तर द्यायला लागता कामा नये, समझे?" मग घड्याळाच्या ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "हे असली आहे. पण अर्धं आहे. तू आत जाऊन पेपर लिहीत बसलास. तेव्हा नाना कुठे होते?"

"मिलमध्ये."

"घंटेपर्यंत तर शाळेच्या दारात होते ना? मिल किती वाजताची?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आईला विचार," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

आईला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता थांबली. "तुला नाही माहीत? लेट झाले ना त्या दिवशी. चाळीस मिनिटं. आपल्या नावापुढे आपल्याच हातानं लाल शाई केली. मालकानं विचारलंही नसतं. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, 'आज लेट लागला.' जेवण गेलं नाही धड. कोणाला सांगू नको म्हणाले."

मी त्या दिवशी ऑफिसात उशिरा गेलो आणि हेडक्लार्कांच्या टेबलाशी उभं राहून हे सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी शेवेची पुडी पुढे सरकवली. मी म्हणालो, "आता हेच लिहितो. सगळ्या मिलवाल्यांसमोर वाचतो."

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी झाकलेलं आहे ते. चारचौघांत तू कोण उघडणारा? घड्याळापर्यंत मोठ्यानं वाच. लेटची ओळ कागदावर खाली लिही, वाचू नको, आणि कागद त्यांच्या हातात दे."

"आणि शेवटी? शतायुषी व्हा?"

"ते भटजी म्हणतील. तू असं काही माग जे फक्त तेच देऊ शकतात. बापाला कामाला लावलं की बरं वाटतं, भिया." आणि जरा थांबून, टोपी काढून मांडीवर ठेवत ते म्हणाले, "माझ्या वडिलांना मी छापील कार्ड पाठवलं होतं. सोनेरी बॉर्डर. फार सुंदर होतं." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी कागद झाला तो जेमतेम दहा ओळींचा. मोठ्यानं वाचून बघायला त्यांनीच लावलं. जिथे माझा श्वास अडला तिथे वाक्य तोडलं, आणि 'अविस्मरणीय' हा एकच शब्द उरला होता तो मी आपणहून खोडला. नावावर अंगठा ठेवून त्यांनी पुन्हा वाचलं. "हं," म्हणाले. "आता हा दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार नाही."

एकसष्टीच्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत मिलचे लोक दाटीवाटीनं बसले होते. मी वाचू लागलो. 'तीर्थरूप नाना, मॅट्रिकच्या आदल्या दिवशी तुम्ही मला शाळेपर्यंत चालवलंत. बावीस मिनिटं लागली.' म्हैस आली तेव्हा मिलवाले खो खो हसले. त्यांना ती म्हैस चांगली ओळखीची होती, उशीर झाला की ते नानांना तीच सांगत. नाना खाली बघत होते. मी घड्याळापर्यंत वाचलं, नमस्कार केला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

न वाचलेल्या ओळी अशा होत्या: 'त्या दिवशी तुमच्या नावापुढे लाल शाई लागली, हे मला आत्ता कळलं. पुढच्या सोमवारी माझी ग्वाल्हेरची गाडी आहे. घरून किती आधी निघावं ते तुम्ही सांगा, आणि जमलं तर स्टेशनापर्यंत चला.'

नानांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून घड्याळाच्या खिशात ठेवला. लोक पंगतीला उठले, मी पानं मांडायला वळलो. मला वाटलं, आता 'बरं' येईल.

"गाडी किती वाजता?" नानांनी विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न विचारला गेला होता. आईनं हातातली वरणाची वाटी खाली ठेवली. सोमवारी आम्ही स्टेशनावर गाडीच्या दोन तास आधी पोचलो. बाकावर बसून नानांनी ग्वाल्हेरच्या थंडीबद्दल, खानावळीबद्दल, माझ्या साहेबाबद्दल विचारलं. गाडी लेट होती. मला त्या गाडीचा फार आनंद झाला.

पुढे मध्यभारत गेला, नवं राज्य झालं, आमच्या पेट्या भोपाळला निघाल्या. हेडक्लार्कांनी इंदूर सोडलं नाही, निवृत्ती घेतली. निरोपाचा कागद मी लिहिला. समारंभाआधी त्यांनी तो मागून घेतला, सवयीनं नावावर अंगठा ठेवला आणि वाचला. त्यात शेव होती, तांबडी पेन्सिल होती; सोनेरी बॉर्डरचं कार्ड मात्र मी घातलं नव्हतं. झाकलेलं काय ते मी शिकलो होतो. बराच वेळ अंगठा तिथेच होता. मग म्हणाले, "भिया, आता नाव खोडलंस तरी चालेल."

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ज्यांनी ते सचिवालय पाहिलं आहे त्यांनी त्यांना केव्हाच ओळखलं असेल. म्हणून या पानांत मी त्यांचं नाव कुठे घातलेलं नाही.