सहा महिन्यांचं चारित्र्य

"ही बघा, परत आली. हिचं चारित्र्य सहा महिन्यांतच संपलं म्हणे!"

हवालदार हे मला नाही, शेजारच्या टेबलावरच्या जमादारांना म्हणाले. ते हसले. मी हातातल्या अर्जाकडे बघत राहिले. बाबाच पुढे झाले.

"साहेब, जानेवारीत तुम्हीच दिलं होतं की. कोरं आहे, एकही गुन्हा नाही."

"अहो काका, गुन्हा नाहीच. पण तिकडच्या लोकांना ताजं लागतं ना."

मी तेव्हा नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात नर्स होते. परदेशातल्या एका रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली होती, पण तिथल्या नर्सिंग बोर्डाचा परवाना मिळाला तरच. त्यासाठी माझ्या शिक्षणाची पडताळणी मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलने थेट बोर्डाला पाठवायची होती. सोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. बाबा शाळेत क्लार्क होते. जे काम आपल्या हातात आहे ते आधी उरकायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. म्हणून दाखला सगळ्यात आधी काढला. कौन्सिलचं पत्र पोहोचायला ऑगस्ट उजाडला आणि बोर्डाने कळवलं, फाईल पूर्ण झाली त्या दिवशी दाखला सहा महिन्यांहून जुना होता, नवा पाठवा. रुग्णालय सप्टेंबरअखेरपर्यंत जागा धरून ठेवणार होतं.

ते सिंहस्थाचं वर्ष होतं.

"चौकशीला घरी येणार कोण? सगळा स्टाफ रामकुंडावर," हवालदार म्हणाले. "शाही स्नान उरकू द्या."

एक स्नान झालं, मग दुसरं. बाबा शाळा सुटल्यावर रोज ठाण्यात जाऊन बसायचे. चौकशीत साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, गावाला जाऊ नका. शिपाई आला तो सप्टेंबर संपता संपता, पाय सुजलेले. आईने दिलेला चहा त्याने उभ्यानेच घेतला, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारले आणि गेला. तिथून कागद ठाण्यात, मग आयुक्तालयात.

दाखला ऑक्टोबरात हातात पडला. त्याच्या चार दिवस आधी रुग्णालयाचं पत्र आलं होतं. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती.

बाबांनी दोन्ही दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तारीख सोडली तर अक्षरन्‌अक्षर सारखे.

"इतके कागद केले," ते आईला म्हणाले, "पण सहा महिन्यांचं आपल्याला कुणी सांगितलं नाही गं. कुणीच नाही."

आई माझ्याकडे बघत नव्हती. इंग्रजीतले ते फॉर्म घरात वाचणारी मी एकटीच होते. जानेवारीत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाखल्यासाठी निघाले, तेव्हा त्यांना दारात अडवणं मला जमलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "सहा महिन्यांची ती ओळ मी तेव्हाच वाचली होती."